अहवालात चूक निघाली तर दुरुस्तीची सूचना कशी लिहावी? खाडीकाठच्या विहिरींच्या एका उदाहरणासह वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात गावपातळीवर पाण्याचे अहवाल आता बरेच निघतात. कुठे कॉलेजचे विद्यार्थी, कुठे शाळेतले विज्ञानाचे सर, कुठे मुंबईकर ग्रामस्थ मंडळ पुढाकार घेतं. वीस-पंचवीस पानं छापून ग्रामसभेत वाटली जातात, पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरते आणि लोक त्या आकड्यांवर विसंबून कुठल्या विहिरीचं पाणी भरायचं ते ठरवतात. म्हणून अशा अहवालात चूक सापडली की ती कशी कबूल करायची आणि कशी सुधारायची, हा प्रश्न थेट लोकांच्या घागरीपर्यंत पोहोचतो. खालची उत्तरं एकाच उदाहरणाभोवती लिहिली आहेत. उदाहरणातलं गाव आणि विहिरींचे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. मर्यादा, हिशोब आणि चुकीचा प्रकार मात्र खरा आहे. ही चूक प्रत्यक्षात सहज होते.

उदाहरण काय आहे?

खाडीकाठच्या एका गावातल्या बारा विहिरींचं पाणी अभ्यासगटाने मे महिन्यात तपासलं. उन्हाळ्याच्या शेवटी जांभ्यातल्या विहिरींची पातळी तळाला जाते, उपसा चालूच राहतो आणि खाडीलगतच्या विहिरींचं पाणी मचूळ लागू लागतं. म्हणून महिना योग्यच निवडला होता. अहवालात प्रत्येक विहिरीपुढे ‘एकूण विरघळलेले क्षार, मिलिग्रॅम प्रति लिटर’ या रकान्यात एक आकडा होता. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात हे क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतात. अहवालाचा निष्कर्ष असा होता की बारापैकी तीन विहिरी (क्रमांक ३, ७ आणि ९) २,००० च्या वर आहेत, म्हणून त्या पिण्यासाठी बंद कराव्यात. ५०० च्या आत फक्त चार विहिरी होत्या.

चूक अशी की रकान्यातले आकडे क्षारांचे नव्हतेच. ते विद्युतवाहकतेचे होते, मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर या एककातले. हातात धरायचा मीटर दोन्ही दाखवतो आणि एका बटणाने पर्याय बदलतो. मोजणाऱ्याने वाहकता मोजली. वहीत फक्त आकडा लिहिला, एकक लिहिलं नाही. तक्ता करणाऱ्याने तो क्षारांचा समजून घेतला.

ही चूक कोणाला आणि कशी कळू शकते?

वही उघडणाऱ्या कोणालाही कळू शकते, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. मोजणीआधी मीटर एका प्रमाणित द्रावणात बुडवून तपासतात. सर्रास मिळणाऱ्या अशा द्रावणाची वाहकता २५ अंश सेल्सिअसला १,४१३ मायक्रोसीमेन्स असते. वहीच्या पहिल्या ओळीत १,४१३ दिसत असेल, तर मीटर वाहकतेवर होता यात शंका उरत नाही.

दुसरी खूणही आहे. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेने त्याच विहिरीचे क्षार मोजले असतील, तर तो आकडा अहवालातल्या आकड्याच्या साधारण अर्ध्या ते पाऊण पट निघतो, आणि एका विहिरीला नाही तर सगळ्या विहिरींना. एखाद्याच विहिरीचा आकडा जुळत नसेल, तर नमुन्यात किंवा नोंदीत घोटाळा असेल. सगळेच आकडे एकाच दिशेने आणि एकाच पटीत चुकले असतील, तर एकक चुकलं आहे असं समजून शोध सुरू करावा.

चूक कळली, पण योग्य आकडे अजून तयार नाहीत. सूचना थांबवायची का?

नाही. आधी छोटी सूचना काढा, पूर्ण दुरुस्ती मागाहून द्या. छोट्या सूचनेत तीन गोष्टी पुरतात: कुठल्या अहवालातला कुठला तक्ता चुकला आहे, त्यावर विसंबून काय करू नये, आणि पूर्ण दुरुस्ती कोणत्या तारखेला येईल. तारीख देववत नसेल तर काय झाल्यावर येईल ते सांगा, उदाहरणार्थ ‘विहीर क्र. ३ च्या नमुन्याचा प्रयोगशाळेचा निकाल आल्यावर’.

घाई किती करायची ते चुकीच्या दिशेवर ठरवा. आपल्या उदाहरणात धोका होता त्यापेक्षा जास्त दाखवला गेला. त्यामुळे लोकांची तंगडतोड झाली, टँकरची मागणी झाली, पण कोणाच्या तब्येतीला धोका झाला नाही. चूक उलटी असती, म्हणजे वाईट पाणी चांगलं म्हणून छापलं गेलं असतं, तर कागद तयार होण्याची वाट न पाहता त्याच संध्याकाळी वाडीत जाऊन घरोघरी सांगायला हवं. लेखी सूचना दुसऱ्या दिवशी आली तरी चालेल.

सूचनेचं पहिलं वाक्य कसं असावं?

सगळ्यात जास्त अडखळायला इथेच होतं. अनेक सूचना अशा सुरू होतात: ‘आमच्या अहवालाला ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद मिळाला, त्याबद्दल आभार. काही तांत्रिक कारणास्तव तक्ता क्र. २ मध्ये किरकोळ त्रुटी राहून गेल्या आहेत. तरी चूकभूल द्यावी घ्यावी.’ हे वाचून विहीर क्रमांक ७ शेजारी राहणाऱ्या काकूंना काहीच कळत नाही. चूक कोणती, कुठल्या विहिरीची, आता पाणी भरायचं की नाही? शिवाय ‘त्रुटी राहून गेल्या’ या वाक्यात कर्ताच नाही. चूक जणू आपणहून तक्त्यात येऊन बसली!

पहिल्या वाक्यात चूक करणारा, चूक आणि जागा या तिन्ही गोष्टी याव्यात: ‘आमच्या अहवालातील तक्ता क्र. २ मध्ये आम्ही विद्युतवाहकतेचे आकडे विरघळलेल्या क्षारांचे म्हणून छापले. हे चूक आहे.’ एवढंच. आभार, प्रतिसाद, कामाची पार्श्वभूमी यांपैकी काहीही त्याच्या आधी नको. ‘किरकोळ’ हा शब्दही नको. चूक किरकोळ की मोठी हे वाचणाऱ्याने आपल्या विहिरीवरून ठरवावं.

शासकीय शुद्धिपत्रकांची एक पद्धत मला फार उपयोगी वाटते. तिथे मूळ आदेशाचा क्रमांक आणि तारीख येते, मग ‘अमुक याऐवजी तमुक असे वाचावे’. चुकलेला मजकूर आणि दुरुस्त मजकूर शेजारी शेजारी असल्यामुळे कोणाला काही शोधावं लागत नाही. त्या भाषेचा रुक्षपणा घ्यायची गरज नाही. रचना मात्र जरूर घ्यावी.

वाहकतेला गुणकाने गुणलं की योग्य आकडा मिळतो ना? मग तोच छापायचा?

इथे दुसरी चूक व्हायची दाट शक्यता आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वाहकतेवरून क्षारांचा अंदाज काढताना साधारण ०.५५ ते ०.७५ मधला गुणक घेतात. बऱ्याच ठिकाणी ०.६५ धरतात. आपल्या उदाहरणात विहीर ७ ची वाहकता २,४६० होती. ०.६५ ने गुणलं तर सुमारे १,६०० येतात, म्हणजे २,००० च्या खाली. वरचा ०.७५ घेतला तरी १,८४५ च येतात. विहीर ९ ची वाहकता २,१८० आहे. ती ०.७५ ने गुणली तरी १,६३५. म्हणून या दोन विहिरींबद्दल ‘क्षार २,००० च्या वर नाहीत’ असं ठामपणे लिहिता येतं.

विहीर ३ ची गोष्ट वेगळी. तिची वाहकता ३,४००. मधल्या गुणकाने सुमारे २,२०० येतात, म्हणजे मर्यादेच्या वर. खालच्या गुणकाने १,८७० येतात, म्हणजे मर्यादेच्या आत. त्यात ही विहीर खाडीला सर्वांत जवळ आहे. समुद्राच्या मिठाने खारावलेल्या पाण्यात गुणक खालच्या बाजूला, अगदी ०.५ पर्यंत झुकतो, कारण साधं मीठ वजनाच्या मानाने वीज जास्त वाहतं. तेव्हा ‘दुरुस्त आकडा २,२१०’ असं छापणं म्हणजे एक खोटा ठामपणा काढून दुसरा बसवणं होईल. इथे लिहायचं ते असं: या विहिरीबद्दल आमच्या मोजणीवरून निश्चित सांगता येत नाही, नमुना प्रयोगशाळेत दिला आहे. प्रयोगशाळेत पाणी गाळून, आटवून, उरलेले क्षार प्रत्यक्ष तोलतात, त्यामुळे तिथे गुणकाची भानगड नाही. त्याच नमुन्यातून क्लोराइडही मोजून घ्यावं. क्लोराइडची मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे आणि पर्याय नसेल तर १,०००. मचूळपणाचा संबंध त्याच्याशीच जास्त असतो.

खालच्या टोकालाही असंच आहे. विहीर ५ ची वाहकता ६९० आणि विहीर ११ ची ७४०. मधल्या गुणकाने दोन्ही ५०० च्या आत येतात (४५० आणि ४८०), पण वरच्या गुणकाने बाहेर जातात. म्हणून ‘५०० च्या आत आता चार नाही, सहा विहिरी’ असं लिहिण्याऐवजी ‘चार निश्चित, आणखी दोन बहुधा’ असं लिहावं. अंदाजाचे आकडे गोल करून आणि ‘सुमारे’ लावून द्यावेत. ४४८.५ असं छापलं तर वाचणाऱ्याला वाटतं की एवढ्या बारकाईने मोजलंय.

फक्त तक्ता बदलला की दुरुस्ती पुरी झाली का?

चुकलेला आकडा अहवालात एकाच जागी कधी नसतो. तक्त्यातून तो निष्कर्षात जातो, निष्कर्षातून पहिल्या पानावरच्या सारांशात, मग नकाशावरच्या लाल ठिपक्यात, आणि शेवटी शिफारशीत. या सगळ्या जागा अहवाल हातात घेऊन, पेन्सिलने खुणा करत शोधाव्या लागतात. संगणकावर ‘२,४६०’ शोधून भागत नाही. ‘पाव विहिरी निकामी’ अशा शब्दांत लिहिलेलं वाक्यही त्याच आकड्यातून आलेलं असतं, पण त्यात आकडा नसतो म्हणून ते शोधात सापडत नाही.

आपल्या उदाहरणात अशा पाच जागा निघतात: तक्ता २, पान ११ वरचा परिच्छेद, सारांशातलं ‘तीन विहिरी पिण्यास अयोग्य’ हे वाक्य, नकाशाचे रंग आणि तीन विहिरी बंद करण्याची शिफारस. त्यापुढची जागा अहवालाच्या बाहेर आहे. शिफारशीवरून ग्रामसभेने ठराव केला असेल, तर तो अभ्यासगटाला बदलता येत नाही. पण ठराव चुकीच्या आकड्यावर झाला आहे हे ग्रामपंचायतीला लेखी कळवता येतं, आणि तसं कळवल्याचं सूचनेत लिहिताही येतं.

काय बदललं नाही हेही एका ओळीत सांगावं, नाहीतर लोक पूर्ण अहवालच टाकून देतात. पाण्याची पातळी, सामू आणि विहिरींची जागा वेगळ्या नोंदींतून आली असेल आणि ती पुन्हा तपासली असेल, तर तसं लिहा. तपासली नसेल तर ‘बाकी सर्व बरोबर आहे’ असं लिहू नका.

पूर्ण सूचना एकदा लिहून दाखवाल का?

> दुरुस्ती
>
> ‘आमच्या विहिरींचे पाणी’ या अहवालाच्या तक्ता क्र. २ मध्ये (पान १०) आम्ही विद्युतवाहकतेचे आकडे एकूण विरघळलेल्या क्षारांचे म्हणून छापले. हे चूक आहे. त्यामुळे बाराही विहिरींचे पाणी प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त खारे दिसले.
>
> अहवालात ‘विहीर क्र. ३, ७ आणि ९ मधील क्षार २,००० मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त आहेत’ असे म्हटले आहे. त्याऐवजी असे वाचावे: ‘विहीर क्र. ७ मध्ये क्षार सुमारे १,६०० आणि क्र. ९ मध्ये सुमारे १,४०० आहेत. दोन्ही २,००० च्या मर्यादेत आहेत, परंतु ५०० च्या वर आहेत. विहीर क्र. ३ बद्दल आमच्या मोजणीवरून निश्चित सांगता येत नाही. तिचा नमुना प्रयोगशाळेत दिला आहे.’
>
> ‘५०० च्या आत फक्त चार विहिरी आहेत’ याऐवजी असे वाचावे: ‘चार विहिरी निश्चित ५०० च्या आत आहेत. क्र. ५ आणि ११ याही बहुधा आत आहेत.’
>
> विहीर क्र. ७ आणि ९ पिण्यासाठी बंद करण्याची शिफारस आम्ही मागे घेत आहोत. क्र. ३ चा निकाल येईपर्यंत तिचे पाणी पिण्यासाठी वापरू नये, ही शिफारस कायम आहे. सारांश (पान १), पान ११ आणि नकाशा त्यानुसार बदलला आहे.
>
> नवे आकडे वाहकतेला ०.६५ ने गुणून काढलेले अंदाज आहेत. ही दुरुस्ती फक्त क्षारांपुरती आहे. पाण्यातील जंतूंची तपासणी या अहवालात केलेली नव्हती.
>
> मोजणीच्या वहीत एकक न लिहिल्यामुळे ही चूक झाली. वहीतील प्रमाणित द्रावणाच्या नोंदीवरून एका ग्रामस्थाने ती दाखवून दिली. विहीर क्र. ७ आणि ९ वरील कुटुंबांना यामुळे झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. ग्रामपंचायतीला लेखी कळवले आहे.

याखाली तारीख, गटाचं नाव आणि प्रश्न विचारायचे असल्यास कुठे विचारावेत ते येईल. एक पानभर होतं, त्याहून मोठी सूचना बहुधा लागत नाही.

जंतूंचं वाक्य कशाला? चूक तर क्षारांची होती.

कारण ‘विहीर ७ ची शिफारस मागे घेतली’ याचा अर्थ वाडीत ‘विहीर ७ चं पाणी चांगलं आहे’ असा घेतला जाणार. क्षार कमी असले म्हणजे पाणी निर्जंतुक असतं असं नाही. बंद पडलेली विहीर पुन्हा वापरात येताना टीसीएल टाकणं आणि जंतूंची तपासणी करून घेणं आणखी गरजेचं होतं. दुरुस्ती जेवढं सिद्ध करते तेवढंच तिने सांगावं, आणि लोक त्यापुढे काय समजून घेतील याचाही विचार करावा.

ज्या मुलाने वहीत एकक लिहिलं नाही त्याचं नाव द्यावं का?

देऊ नये. अहवालावर गटाचं नाव आहे, तर चूकही गटाची. एकाने एकक लिहिलं नाही हे खरं, पण दुसऱ्याने न विचारता तक्ता केला आणि तिसऱ्याने वही न बघता छापायला दिला. कारण जरूर सांगावं, कारण त्यावरून वाचणाऱ्याला कळतं की हा घोटाळा आणखी कुठे पसरला असू शकतो. ‘वहीत एकक नव्हतं’ हे वाचून शेजारच्या गावचा गट आपलीही वही उघडून बघेल.

चूक दाखवणाऱ्याचा उल्लेख करावा. नाव द्यायचं का ते त्यांना विचारून ठरवावं. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि काहींना ते नको असतं.

माफी मागावी का, आणि किती?

ज्यांना त्रास झाला त्यांचं नाव घेऊन, एका वाक्यात. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ असली वाक्यं इथे गैरलागू आहेत. भावना दुखावल्या नाहीत, उन्हातून लांबच्या विहिरीवर हंडे वाहावे लागले आहेत. वृत्तपत्रांसाठी भारतीय प्रेस कौन्सिलचा जो आचारसंकेत आहे, त्यातही हाच क्रम दिसतो. चूक लक्षात येताच दुरुस्ती तत्परतेने आणि ठळकपणे छापावी, आणि चूक गंभीर असेल तर दिलगिरी किंवा माफी द्यावी. आधी दुरुस्ती, मग दिलगिरी. परिच्छेदभर माफी आणि दीड ओळ दुरुस्ती असं झालं, तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

मोठ्या संस्थांच्या अहवालात अशा चुका झाल्या तेव्हा त्यांनी काय केलं?

हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाचा, म्हणजे आयपीसीसीचा, २००७ चा चौथा अहवाल या बाबतीत पाहण्यासारखा आहे. त्याच्या दुसऱ्या कार्यगटाच्या खंडात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी असल्याचं छापलं गेलं होतं. त्याला भक्कम आधार नव्हता. २० जानेवारी २०१० रोजी मंडळाने निवेदन काढलं. त्या परिच्छेदातले अंदाज पुरेशा आधाराविना दिले गेले आणि पुराव्याचे ठरलेले निकष नीट पाळले गेले नाहीत, असं त्यांनी मान्य केलं. या निवेदनातली घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांनी चुकीच्या दोन्ही जागा दिल्या: विभाग १०.६.२ मधला दुसरा परिच्छेद, आणि त्याचा काही भाग जिथे पुन्हा आला होता ती तांत्रिक सारांशातली चौकट. न घेण्यासारखी गोष्ट म्हणजे निवेदनाची सुरुवात अहवालाचा व्यापक निष्कर्ष भक्कम असल्याचं सांगून होते आणि कबुली त्यानंतर येते. ते सांगणं खरंच होतं, पण माझ्या मते त्याची जागा कबुलीनंतरची आहे.

त्याच खंडात दुसरी एक चूक होती, आणि तिची दुरुस्ती मला जास्त आवडते. नेदरलँड्सचा ५५ टक्के भाग समुद्रसपाटीखाली आहे, असं छापलं होतं. हा आकडा तिथल्याच सरकारी पर्यावरण संस्थेकडून आला होता, आणि त्या संस्थेने चूक आपली असल्याचं सांगितलं. दुरुस्त मजकूर असा: देशाच्या ५५ टक्के भागाला पुराचा धोका आहे, त्यातला २६ टक्के समुद्रसपाटीखाली आहे आणि २९ टक्क्यांना नद्यांच्या पुराचा धोका आहे. आकडा तोच राहिला, त्याच्यापुढचं नाव चुकलं होतं. आपल्या विहिरींच्या तक्त्यातही नेमकं हेच झालं आहे. आकडे खरे मोजलेले होते, रकान्याचं शीर्षक खोटं होतं.

दुरुस्ती करताना आणखी एक चूक सापडली तर?

तीही त्याच सूचनेत, वेगळ्या परिच्छेदात द्यावी. दोन चुका एका वाक्यात गुंफू नयेत. पाण्याच्या मोजणीत अशी दुसरी चूक बहुतेकदा तापमानाची असते. पाणी एक अंशाने तापलं की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते. चांगले मीटर आपोआप २५ अंशांचा आकडा देतात, काही देत नाहीत. उन्हात ठेवलेल्या बाटलीतलं पाणी ३५ अंशांवर मोजलं, आणि मीटरने भरपाई केली नसेल, तर आकडा वीसेक टक्के फुगलेला असतो. वहीत तापमानच लिहिलं नसेल तर ही चूक घरबसल्या सुधारता येत नाही. पुन्हा मोजावंच लागतं, आणि तेवढं स्पष्ट लिहावं.

दुरुस्ती न काढता अहवालच मागे घ्यावा, अशी वेळ कधी येते?

चुकलेल्या आकड्यावरून बरोबर आकड्याकडे जायचा रस्ताच नसेल तेव्हा. आपल्या उदाहरणात वही आहे, विहिरींचे क्रमांक आहेत, एकक कळलं आहे, म्हणून दुरुस्ती शक्य आहे. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या ओलाव्याने निघाल्या आणि कुठलं पाणी कुठल्या विहिरीचं हेच कळत नसेल, तर गुणक लावून काही सुधारत नाही. तिथे ‘हा अहवाल आम्ही मागे घेत आहोत, यातील पाण्याचा कुठलाही आकडा वापरू नये’ असं लिहावं आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मोजणी करावी. पावसाळ्यानंतर लगेच मोजून जुन्या आकड्यांच्या जागी ते घालू नयेत. पाऊस मुरल्यावर त्याच विहिरी गोड लागतात, आणि मे महिन्याच्या अहवालात ऑक्टोबरचे आकडे गेले तर ती नवी चूक होईल.

जुनी पीडीएफ काढून टाकावी का?

ती गुपचूप बदलू नये. नव्या प्रतीच्या पहिल्या पानावर ‘दुरुस्त आवृत्ती’, तारीख आणि सूचना असावी. बदललेल्या प्रत्येक जागी समासात खूण असावी. फाइलचं नावही वेगळं हवं, म्हणजे `vihiri-ahwal-2.pdf` असं काहीतरी. दोन्ही प्रतींचं नाव एकच राहिलं, तर फोनमध्ये कुठली उघडली जाते ते कोणालाच कळत नाही. जुनी प्रत मागेल त्याला मिळावी, पण तिच्या प्रत्येक पानावर ‘चुकीची, वापरू नये’ असं आडवं छापलेलं असावं. व्हॉट्सअॅपवर आधी पाठवलेली फाइल परत घेता येत नाही. म्हणून ती ज्या ज्या गटांत गेली होती त्या सगळ्यांत सूचनेचा मजकूर साध्या संदेशाच्या रूपात टाकावा. जोडलेली फाइल सगळेच उघडत नाहीत.

छापील प्रती वाटून झाल्यात. त्यांचं काय?

चूक जिथे वाचली गेली तिथे दुरुस्ती पोहोचवावी. ग्रामसभेत अहवाल वाचून दाखवला असेल तर पुढच्या ग्रामसभेत सूचना वाचून दाखवावी, आणि ती कार्यवृत्तात नोंदवून घ्यावी. ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेत, रेशन दुकानात ती मोठ्या अक्षरांत लावावी. स्थानिक वर्तमानपत्राने ‘तीन विहिरी अयोग्य’ अशी बातमी दिली असेल, तर त्यांना सूचना पाठवून त्याच पानावर छापण्याची विनंती करावी. गावात उरलेल्या प्रतींसाठी तक्ता २ च्या मापाची चिठ्ठी छापून जुन्या तक्त्यावर चिकटवता येते. ती वरच्या कडेनेच चिकटवावी, म्हणजे उचलली की खालचा जुना तक्ताही दिसतो.

विहीर ३, ५, ७, ९ आणि ११ वर मात्र कोणीतरी स्वतः जावं. सकाळी पाणी भरायच्या वेळी गेलं तर बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी भेटतं. प्रयोगशाळेचा निकाल आल्यावर विहीर ३ वर पुन्हा जावं लागेल, आणि त्या निकालाची तारीख टाकून सूचनेखाली एक ओळ वाढवावी लागेल.